साठ लाखांत वीस टक्के: ब्यूटी ब्रँडची पिच बांधण्याची कृती

पिच डेक करायला बसलं की बहुतेक जण पहिल्या स्लाइडवरच रेंगाळतात. नाव, लोगो, टॅगलाइन, रंग गुलाबी की पिस्ता. ती स्लाइड सगळ्यात शेवटी करा. सुरुवात शेवटच्या स्लाइडपासून करायची, जिथे किती पैसे हवेत, त्यातून काय उभं राहील आणि त्या बदल्यात किती हिस्सा देणार हे लिहिलेलं असतं. हा मजकूर पक्का झाला की बाकीच्या स्लाइडचं काम फक्त त्याला पुरावा देण्याचं उरतं.

हिशेबासाठी एक मानीव धंदा घेऊ. अहिल्यानगरच्या सावेडीत दोघी भागीदार आहेत. एक बी. फार्म. झालेली, दुसरीने कित्येक वर्षं स्वतःचं पार्लर चालवलेलं. दोघींनी ५० ग्रॅमच्या ट्यूबमधलं सनस्क्रीन काढलं आहे. माल एका परवानाधारक कारखान्यात बनवून घेतात आणि विकतात तो संगमनेर, श्रीरामपूर, शेवगाव, पाथर्डी अशा तालुक्याच्या गावांतल्या पार्लरमधून. फेशियल झालं की पार्लरवाली ताई टेस्टरमधलं मटाराएवढं क्रीम गिऱ्हाइकाच्या मनगटावर चोळते, पांढरा थर राहत नाही हे उजेडात दाखवते आणि ट्यूब खपते. गेल्या बारा महिन्यांत जीएसटी वगळून २६ लाखांची विक्री झाली. आकडे नमुन्याचे आहेत, पण पद्धत खरी आहे. आपले आकडे त्यात घालून बघावेत.

आधी ठरवा: गुंतवणूकदार हवाच का?

सौंदर्यप्रसाधनांचा प्रत्येक धंदा हिस्सा विकूनच मोठा होतो असं नाही. केशव पेंढरकरांनी १९५२ साली परळच्या घरातून विको सुरू केली. ती घराघरांत पोचली, तरी कुटुंबाचीच राहिली. धंद्यातून सुटणाऱ्या पैशावर आणि बँकेच्या कर्जावर हळूहळू वाढणं ज्यांना मानवतं, त्यांनी पिच करू नये. गुंतवणूकदाराला व्याज नको असतं, त्याला पाच-सात वर्षांनी त्याचा हिस्सा मोठ्या भावाला विकायचा असतो. म्हणजे त्याचे पैसे घेतल्या दिवसापासून कंपनी कधीतरी, कुणाला तरी, पूर्ण किंवा अंशतः विकली जाणार हे तुम्ही मान्य केलेलं असतं. दोघी भागीदारांनी हे आपापसांत आणि घरी आधी स्पष्ट बोलून घ्यावं.

पायरी १: धंदा कंपनीच्या नावावर आणा

प्रोप्रायटरी किंवा भागीदारी फर्मला शेअर देता येत नाहीत. त्यामुळे प्रायव्हेट लिमिटेड कंपनी हवी. तिला किमान दोन संचालक आणि दोन भागधारक लागतात. आपल्या उदाहरणात दर्शनी १० रुपयांचे १०,००० शेअर आहेत, एकीचे ६,००० आणि दुसरीचे ४,०००.

कंपनी झाली म्हणजे धंदा कंपनीचा झाला असं नाही, आणि तपासणीत गाडी अडते ती इथेच. ब्रँडच्या नावाचा ट्रेडमार्क वर्ग ३ मध्ये एकीच्या वैयक्तिक नावावर असतो. इन्स्टाग्रामचं खातं भाच्याच्या मोबाइल नंबरवर असतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, फॉर्म्युला कारखान्याचा असतो. थर्ड पार्टी कारखाने आपल्याकडचं तयार क्रीम तुमच्या ट्यूबमध्ये भरून देतात. तेच क्रीम दुसऱ्या ट्यूबमधून दुसऱ्या नावाने विकायला त्यांना कुणी अडवत नाही. गुंतवणूकदार हमखास विचारतो, ‘उद्या कारखाना बदलला तर हेच क्रीम मिळेल का?’ त्याला उत्तर म्हणून कागद हवा. फॉर्म्युला कंपनीचा आहे असं कलम असलेला करार, किंवा त्याच कारखान्यात कंपनीच्या नावावर लोन लायसन्स. कॉस्मेटिक्स रूल्स २०२० नुसार त्यासाठी अर्ज सीओएस-६ मध्ये करायचा आणि परवाना सीओएस-९ मध्ये मिळतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे.

ट्यूबवर एसपीएफचा आकडा छापला असेल तर त्याच फॉर्म्युल्याच्या चाचणीचा अहवाल फाइलला लावा. कारखान्याने दाखवलेला ‘अशाच’ एखाद्या क्रीमचा अहवाल चालत नाही.

पायरी २: एका ट्यूबचा हिशेब

आपल्या सनस्क्रीनची एमआरपी ३४९ रुपये आहे. पार्लरला ३० टक्के मार्जिन दिलं की ट्यूब २४४ रुपयांना जाते. त्यातला १८ टक्के जीएसटी वजा केला की कंपनीच्या हाती २०७ उरतात. क्रीम, ट्यूब आणि खोका मिळून ७२ रुपये. पार्सल ११. टेस्टर, सॅम्पल आणि विक्री करणाऱ्याचा इन्सेंटिव्ह २४. परत आलेला, मुदत संपत आलेला माल धरून ६. एकूण खर्च ११३, म्हणजे ट्यूबमागे ९४ रुपये सुटतात, निव्वळ विक्रीच्या ४५ टक्के. पगार, भाडं असे ठरावीक खर्च भागवायला हेच पैसे असतात.

तीच ट्यूब वेबसाइटवर २९९ ला विकली तर जीएसटी जाऊन २५३ येतात. माल ७२, कुरिअर आणि पॅकिंग ७०, कॅश ऑन डिलिव्हरीचे परत आलेले डबे आणि पेमेंटचं कमिशन २२, नवं गिऱ्हाईक आणायला जाहिरात १५०. बेरीज ३१४. पहिल्या ऑर्डरला ६१ रुपये खिशातून जातात आणि त्या गिऱ्हाइकाने पुन्हा मागवलं तरच ते वसूल होतात.

ही दोन गणितं पिचमध्ये शेजारी शेजारी मांडा. ब्यूटी ब्रँडची बहुतेक पिच ऑनलाइन विक्रीवर उभी असते आणि ऐकणाऱ्याने जाहिरातीत पैसे जिरलेले पाहिलेले असतात. पार्लरमधून विकण्याचं कारण त्याला या दोन ओळींत कळतं.

इथे एक लबाडी सर्रास होते. ग्रॉस मार्जिन सांगताना एमआरपी घ्यायची आणि त्यातून फक्त मालाचे ७२ रुपये वजा करायचे. मग ‘आमचं मार्जिन ७९ टक्के’ असा आकडा येतो. समोरचा पाच मिनिटांत २०७ वर येऊन पोचतो आणि नंतरच्या प्रत्येक आकड्याकडे संशयाने बघतो.

पायरी ३: पुरावा जमवा, आणि तो पार्लरच्या वहीतून

आतापर्यंत १४० पार्लरनी पहिली ऑर्डर दिली. त्यांतल्या ८६ जणींनी ९० दिवसांच्या आत पुन्हा मागवलं आणि आज त्या सरासरी महिन्याला १२ ट्यूब घेतात. पिचमधला सगळ्यात वजनदार आकडा हाच, १४० पैकी ८६. एकूण विक्रीपेक्षा तो महत्त्वाचा, कारण पहिली ऑर्डर ओळखीने किंवा भिडेखातर मिळते. दुसरी ऑर्डर माल संपल्यावर येते.

पण ‘माल संपला’ हे तपासलं आहे का? पार्लरला विकलेली ट्यूब म्हणजे गिऱ्हाइकाला विकलेली ट्यूब नव्हे. लग्नसराईच्या तोंडावर पार्लरवाल्या जास्त माल भरतात आणि आषाढात तो कपाटात पडून राहतो. म्हणून निदान वीस पार्लरमध्ये जाऊन कपाटातल्या ट्यूब मोजा, बॅच नंबर बघा. एप्रिलचा बॅच ऑगस्टमध्ये दिसला तर तुमची विक्री अजून व्हायची आहे. ही मोजणी तारखेसह डेकमध्ये घातली तर गुंतवणूकदाराला ती स्वतः करावी लागत नाही. तरीही तो एखाद्या पार्लरला फोन करणारच, तेव्हा त्या पार्लरवाल्या ताईला आधी कल्पना देऊन ठेवा.

वाढ दाखवतानाही हंगाम विसरू नका. सनस्क्रीन एप्रिल-मेमध्ये चढतं, पावसाळ्यात उतरतं. जानेवारी ते मे असा चढता आलेख दाखवून ‘दरमहा २० टक्के वाढ’ म्हणाल तर समोरचा जुलै-ऑगस्टचे आकडे मागेल. या वर्षीचा एप्रिल मागच्या एप्रिलशी आणि ऑगस्ट ऑगस्टशी ताडा. उतरता ऑगस्ट स्वतःहून दाखवला तर तो तुमच्या बाजूने बोलतो.

पायरी ४: पैशांनी काय सिद्ध करायचं ते लिहा

आता कळीचा भाग. सुरुवातीचं फंडिंग ‘धंदा वाढवायला’ नसतं. ज्या एका प्रश्नाचं उत्तर आज कुणालाच माहीत नाही, त्याचं उत्तर विकत घ्यायला ते असतं. आपल्या उदाहरणात ८६ पैकी बरीच पार्लर, स्वतः पार्लर चालवलेल्या भागीदाराच्या ओळखीची आहेत. कुणी तिच्याकडे कोर्स केलेला, कुणाची ओळख एखाद्या सेमिनारला झालेली. म्हणून प्रश्न असा आहे: जिथे हिला कुणी ओळखत नाही त्या तालुक्यात, पगारी माणसाने विकलं, तरी पार्लर पुन्हा मागवतात का?

त्यावरून १८ महिन्यांचं उद्दिष्ट ठरतं. नियमित मागवणारी ४०० पार्लर, त्यांपैकी ३०० नाशिक, बीड, छत्रपती संभाजीनगर आणि पुण्याच्या ग्रामीण भागातली. पुन्हा मागवण्याचं प्रमाण ५५ टक्क्यांच्या खाली नाही. ट्यूबमागे सुटणारा पैसा ४० टक्क्यांच्या खाली नाही. सोबत दोन नवी उत्पादनं. ४०० पार्लर महिन्याला १२ ट्यूब घेऊ लागली की महिन्याची विक्री १० लाखांच्या घरात जाते आणि साडेचार लाख सुटतात. तोवर ठरावीक खर्च महिना साडेतीन लाखांच्या आत ठेवला तर कंपनी स्वतःच्या पायावर उभी राहते. पुढची गुंतवणूक मिळाली नाही तरी ती बंद पडत नाही, आणि पुढच्या गुंतवणूकदाराशी बोलताना या स्थितीचा भाव मिळतो.

खर्च मांडू. विक्री करणारी माणसं आधी दोन, मग चार, पगार आणि पेट्रोल धरून १७ लाख. दोघी संस्थापकांचा पगार, महिना प्रत्येकी २५,००० प्रमाणे ९ लाख. तो लिहायला लाजू नका. दीड वर्ष बिनपगारी राबणारी संस्थापक मध्येच नोकरी धरेल ही भीती गुंतवणूकदारालाही असते. नव्या उत्पादनांचं फॉर्म्युलेशन आणि चाचण्या ६ लाख. टेस्टर, सॅम्पल आणि पार्लरवाल्यांचे डेमो ६ लाख. सीए, वकील, परवाने, ट्रेडमार्क साडेतीन लाख. अडीअडचणीला साडेचार. हे झाले ४६ लाख. त्यावर माल आणि उधारी. पार्लरला ४५ दिवसांची उधारी द्यावी लागते आणि कारखाना कमीत कमी तीन हजारांची बॅच काढतो, म्हणून २४ लाख. एकूण ७० लाख.

यातले १० लाख बँकेकडून घ्या. विकून लगेच पैसा होणाऱ्या मालासाठी हिस्सा विकणं महाग पडतं. मुद्रा योजनेतल्या तरुण गटाची मर्यादा १० लाख आहे आणि जीएसटीची विवरणपत्रं नियमित असतील तर दोन वर्षांच्या विक्रीवर असा अर्ज करता येतो. उरले ६० लाख. तीच तुमची मागणी.

एक मधला थांबाही लिहा. सहाव्या महिन्यापर्यंत जिल्ह्याबाहेरची पहिली ५० पार्लर जोडायची. त्यांतल्या निम्म्यांनीही पुन्हा मागवलं नाही तर उरलेली दोन माणसं घ्यायची नाहीत, आधी कारण शोधायचं. कुठे थांबायचं हे ठरवलेली पिच क्वचितच दिसते, त्यामुळे ती लक्षात राहते.

पायरी ५: इक्विटी आणि व्हॅल्युएशन

नगर जिल्ह्याला शेअर नवा नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीच्या परिसरात सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. तेव्हापासून इथल्या घराघरांत कारखान्याचा, सोसायटीचा, पतसंस्थेचा शेअर आहे. मात्र तिथे शेअर कितीही असले तरी सभासदाला एकच मत मिळतं, लाभांशाला सहकार कायद्याने १५ टक्क्यांची मर्यादा आहे आणि शेअरची किंमत दर्शनीच राहते. कंपनीत या तिन्ही गोष्टी उलट्या आहेत. जितके शेअर तितकी मतं. लाभांशाची सुरुवातीची काही वर्षं कुणी अपेक्षाच ठेवत नाही. आणि दर्शनी १० रुपयांचा शेअर हजारोंना विकला जातो. म्हणून ओळखीच्या डॉक्टरांना किंवा व्यापाऱ्यांना ‘वर्षाला पंधरा टक्के देऊ’ असं चुकूनही सांगू नका. ठरावीक परताव्याचा शब्द दिला की हिस्सेदारीचा व्यवहार ठेवीसारखा दिसू लागतो, आणि ठेवी घेण्याचे नियम कंपनी कायद्यात फार कडक आहेत.

आता भाव. टीव्हीवर शार्क टँकमध्ये ‘५० लाख, ५ टक्के’ असं एका दमात म्हणतात. त्याचा अर्थ, पैसे आल्यानंतर कंपनी १० कोटींची धरली आहे. पैसे आल्यानंतरची किंमत ती पोस्ट-मनी. त्यातून आलेले पैसे वजा केले की प्री-मनी, म्हणजे आज तुम्ही जे उभं केलं आहे त्याची ठरलेली किंमत.

आपली मागणी ६० लाख. पहिल्या फेरीत साधारण १० ते २० टक्के हिस्सा जातो. १५ टक्के द्यायचे म्हटले तर पोस्ट-मनी ४ कोटी, प्री-मनी ३ कोटी ४० लाख. हा आकडा पेलेल का? गेल्या वर्षीची विक्री २६ लाख, म्हणजे तेरा पट मागतोय. ताडून बघायला एक जाहीर व्यवहार आहे. जयपूरची मिनिमलिस्ट २०२० साली सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने तिचा ९०.५ टक्के हिस्सा घेत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा कंपनीची किंमत २,९५५ कोटी धरली होती. २०२३-२४ ची तिची विक्री ३५० कोटींच्या आसपास. म्हणजे साडेआठ पटीच्या आत-बाहेर, आणि तेही नफ्यात असलेल्या, देशभर खपणाऱ्या ब्रँडला. सावेडीच्या कंपनीने तेरा पट मागितले तर समोरचा नम्रपणे पाणी मागवेल.

विक्रीच्या पटीने इतक्या लहान कंपनीची किंमत ठरत नाही, फक्त तपासता येते. किंमत खरी ठरते ती गुंतवणूकदाराच्या बाजूच्या गणितावर. ते तुम्ही आधीच करून ठेवा. समजा त्याने २० टक्के घेतले. पुढच्या फेऱ्यांत नवे शेअर निघत गेले की त्याचे २० टक्के घटून १२ वर येतील. बुडणाऱ्या कंपन्यांचाही हिशेब भरून काढायचा असल्याने त्याला सात वर्षांत दहापट हवेत, म्हणजे ६ कोटी. १२ टक्क्यांची किंमत ६ कोटी व्हायला कंपनी ५० कोटींची व्हावी लागते. विक्रीच्या तिप्पट भाव धरला तर वर्षाची विक्री १७ कोटींच्या जवळ लागते. आजच्या दराने, पार्लरमागे महिन्याला साधारण २,५०० रुपये धरून, त्याला ५,६०० पार्लर लागतील. नव्या उत्पादनांमुळे प्रत्येक पार्लरची खरेदी दुप्पट झाली तर २,८००. महाराष्ट्रात ३५८ तालुके आहेत, तेव्हा तालुक्यामागे आठ पार्लर. हा आकडा ऐकणाऱ्याला डोळ्यांसमोर आणता येतो. ‘भारताची ब्यूटी बाजारपेठ अमुक अब्ज डॉलरची, त्यातला एक टक्का आमचा’ या स्लाइडपेक्षा तालुक्यामागे आठ पार्लर हे कितीतरी भक्कम विधान आहे, कारण ते खोटं ठरवता येतं.

तेव्हा मागणी अशी ठेवू: ६० लाख, २० टक्के. पोस्ट-मनी ३ कोटी, प्री-मनी २ कोटी ४० लाख. शेअरमध्ये सांगायचं तर जुने १०,००० शेअर, प्रत्येकी २,४०० रुपये. नवे २,५०० शेअर निघतील. एकूण १२,५००. एकीचे ४८ टक्के, दुसरीचे ३२, गुंतवणूकदाराचे २०. जुना एकही शेअर विकला जात नाही, नवे छापले जातात आणि पैसे भागीदारांच्या खिशात न येता कंपनीच्या खात्यात येतात. घरच्यांना हे समजावून सांगावं लागतं, नाहीतर ‘साठ लाख आले, मग आता फ्लॅट?’ असा प्रश्न येतो.

समोरून २५ टक्क्यांची मागणी येईल. तिथे ताणून धरा. कंपनी कायद्यात विशेष ठरावाला ७५ टक्के मतं लागतात, त्यामुळे पाव हिश्शापेक्षा जास्त ज्याच्याकडे गेला तो एकटा असा ठराव अडवू शकतो. भाव खाली आणण्याऐवजी पैसे दोन हप्त्यांत घ्यायची तयारी दाखवा. आता ३६ लाख आणि सहाव्या महिन्याचा थांबा पार झाल्यावर २४ लाख, त्याच भावाने. तुमच्या आकड्यांवर तुमचा विश्वास आहे हे त्यातून आपोआप दिसतं.

पायरी ६: टर्मशीटमधल्या दोन ओळी

टर्मशीट वकिलाला दाखवालच. पण दोन कलमं स्वतः समजून घ्या.

पहिलं, कर्मचाऱ्यांसाठी राखीव शेअर, म्हणजे ईसॉप पूल. तो १० टक्क्यांचा आणि ‘प्री-मनीत’ हवा असं लिहिलं असेल तर तो फक्त तुमच्या हिश्शातून जातो. गुंतवणूकदार २०, पूल १०, तुम्ही दोघी मिळून ७०. शेअरचा भाव २,४०० वरून २,१०० वर येतो. कागदावर प्री-मनी २ कोटी ४० लाखच दिसते, पण तुमच्या शेअरची किंमत २ कोटी १० लाख झालेली असते. चार विक्रेत्यांच्या कंपनीला ५ टक्के पूल पुरतो.

दुसरं, लिक्विडेशन प्रेफरन्स. गुंतवणूकदाराला साधे शेअर न देता सक्तीने परिवर्तनीय प्राधान्य शेअर दिले जातात. कंपनी विकली गेली की आधी तो आपले ६० लाख काढून घेतो, किंवा २० टक्के हिस्सा घेतो, जे जास्त असेल ते. कंपनी दीड कोटीला गेली तर त्याला ६० लाख, तुम्हाला ९०. पाच कोटींना गेली तर तो हिश्शाने १ कोटी घेईल. हे रास्त आहे. पण ‘आधी ६० लाख आणि वर उरलेल्यातही २० टक्के’ असं लिहिलेलं असेल तर ते पार्टिसिपेटिंग कलम काढायला सांगा.

पायरी ७: डेक आणि बोलणं

आता डेक. दहा स्लाइड पुरे: अडचण, उत्पादन, पार्लरमधून विक्री, १४० पैकी ८६, ट्यूबचा हिशेब, तालुक्यांचं गणित, स्पर्धक, दोघींची ओळख, १८ महिन्यांचं उद्दिष्ट, मागणी. स्पर्धकांच्या स्लाइडवर ‘आमच्यासारखं कुणी नाही’ असं लिहू नका. पार्लरच्या शोकेसमध्ये तुमच्या ट्यूबच्या शेजारी जे ब्रँड उभे असतात त्यांचा फोटो लावा, त्यांचं मार्जिन लिहा.

मीटिंग बहुधा पुण्यात, नाहीतर व्हिडिओ कॉलवर होते. मराठीत बोलायला हरकत नाही, आकडे मात्र दोघींच्याही तोंडपाठ हवेत. एक प्रश्न हमखास येतो: ‘मॅडम, पार्लरवाल्या ताईंना उद्या दुसऱ्या कंपनीने ४० टक्के दिले तर?’ यावर क्वालिटीचं भाषण नको. ‘सर, १४० पैकी ५४ जणी गेल्याच आहेत. त्यांतल्या तीस जणींना फोन करून कारण विचारलं. इतक्या मार्जिनमुळे गेल्या, इतक्यांच्याकडे माल खपला नाही,’ अशी विभागणी तारखेसह सांगा. म्हणजे सोडून गेलेल्यांना फोन करणं हीसुद्धा पिचचीच तयारी. फोन करायचं जिवावर येतं, म्हणून हे काम मागे पडतं.

टेबलावर ट्यूब ठेवा, टेस्टरही ठेवा. लावून बघितल्याशिवाय सनस्क्रीनची मीटिंग संपू देऊ नका.

पायरी ८: पैसे घेताना

होकार आला की घाई होते आणि चुका होतात. शेअर ठरावीक व्यक्तींना, ऑफर लेटर देऊन द्यायचे असतात. त्यासाठी कंपनी कायद्याचं कलम ४२ आहे. त्यात जाहिरात चालत नाही, तेव्हा ‘आमच्या ब्रँडमध्ये गुंतवणूक करा’ असं व्हॉट्सअॅप स्टेटस ठेवू नका. भावाला आधार म्हणून नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल लागतो. पैसे रोखीत घेता येत नाहीत. ते गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या बँक खात्यातून कंपनीच्या वेगळ्या खात्यात यावे लागतात. आल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटायचे, वाटल्यापासून १५ दिवसांत पीएएस-३ भरायचा, आणि तो भरल्याशिवाय त्या पैशाला हात लावायचा नाही. ६० दिवस उलटले तर पुढच्या १५ दिवसांत रक्कम परत करावी लागते. तीही चुकली तर ६० व्या दिवसापासून वर्षाला १२ टक्के व्याज.

एंजल टॅक्सची जुनी भीती अजून कुणी घालत असेल तर तो २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला आहे.

मग दर महिन्याच्या सात तारखेला गुंतवणूकदाराला एका पानाचं पत्र: नियमित पार्लर किती, त्यांतली जिल्ह्याबाहेरची किती, पुन्हा मागवण्याचं प्रमाण, ट्यूबमागे किती सुटले, उधारी किती दिवसांची झाली, बँकेत किती महिन्यांचे पैसे आहेत. हेच सहा आकडे, याच क्रमाने, पावसाळ्यातही.